चार सहगुणक, दोन उत्तरं

`ln(1+x)` या फलाची टेलर श्रेणी अशी सुरू होते: `x − x²/2 + x³/3 − x⁴/4`. पहिली चार पदं घेऊन `x` च्या जागी १ ठेवा. `ln 2` चं खरं मूल्य ०.६९३१ आहे आणि हाती येतं ०.५८३३. पुढची पदं मिळवत गेलो की उत्तर सुधारतं, पण फारच सावकाश. `x = 2` ठेवलं तर तेही होत नाही. खरं उत्तर १.०९८६, आपलं उणे १.३३३३, आणि प्रत्येक नव्या पदाबरोबर ते आणखी भरकटतं.

सहगुणकांत काही खोट नाही, बहुपदीचा साचाच इथे अपुरा पडतो. म्हणून तेच सहगुणक अपूर्णांकात बसवायचे. आँरी पाडे या फ्रेंच गणितज्ञाने १८९२च्या आपल्या प्रबंधात अशा अपूर्णांकांचा पद्धतशीर अभ्यास केला, त्यामुळे त्यांना त्याचं नाव मिळालं.

आधी सर्वांत सोपा घेऊ: `ax/(1+bx)`. याचा विस्तार `ax − abx² + …` होतो. श्रेणीशी जुळवलं की `a = 1`, `b = 1/2`. अंश आणि छेद दोन्ही दुसऱ्या घातापर्यंत नेले, तर याच रीतीने मूळची चारही पदं वापरून मिळतं:

`(6x + 3x²)/(6 + 6x + x²)`

आता `x = 1` ठेवा. ९/१३, म्हणजे ०.६९२३. एवढी अचूकता नुसत्या श्रेणीतून हवी असेल तर सुमारे ६०० पदं लागतील. `x = 2` ला २४/२२, म्हणजे १.०९०९. जिथे बहुपदी उणे आकड्यात गेली होती, तिथे चूक एक टक्क्याहूनही कमी!

हे घडतं छेदामुळे. `x = −1` ला लॉग अनंताकडे जातो, म्हणून शून्याभोवतीच्या १ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर श्रेणी टिकत नाही, मग तो बिंदू उलट्या बाजूला का असेना. बहुपदी कुठेच अनंत होऊ शकत नाही. अपूर्णांक होऊ शकतो. आपल्या छेदाची शून्यं काढून पाहा: −१.२७ आणि −४.७३. दोन्ही −१ च्या डावीकडे, लॉगची अडचण असते नेमक्या त्याच बाजूला. ही जागा आपण त्याला सांगितली नव्हती. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

जिथे अशी अडचणच नाही, तिथे फायदा आटतो. `eˣ` कुठेच अनंत होत नाही. त्याच्यासाठी याच आकाराचा अपूर्णांक `x = 1` ला २.७१४३ देतो, चौथ्या घातापर्यंतची बहुपदी २.७०८३, खरं मूल्य २.७१८३. सरशी अपूर्णांकाची, पण थोडक्यात. `x = 5` ला खरं मूल्य १४८.४ आहे. बहुपदी ६५.४ वर थांबते आणि अपूर्णांक ९.६ वर, म्हणजे तो जास्त चुकतो.

`eˣ` साठीचा सर्वांत लहान अपूर्णांक, `(2+x)/(2−x)`, तर `x = 2` ला फुटतोच, आणि खरं मूल्य तिथे साधं ७.३९ असतं. म्हणून अपूर्णांक वापरण्याआधी छेदाची शून्यं काढावीत. एखादं शून्य आपल्या कामाच्या पट्ट्यात पडलं आणि मूळ फल तिथे अनंत होत नसेल, तर तिथला आकडा घेऊ नये.