म्युच्युअल फंड संचाचे एकत्रीकरण

म्युच्युअल फंड संचाचे एकत्रीकरण म्हणजे गुंतवणूकदाराकडे जमा झालेल्या, परस्परांसारखेच रोखे बाळगणाऱ्या अनेक फंडांऐवजी वेगवेगळे काम करणारे मोजके फंड ठेवण्याची प्रक्रिया होय. फंडांची संख्या वाढली म्हणजे जोखीम विभागली गेली, असे नेहमी होत नाही. दोन फंडांची नावे व कंपन्या भिन्न असल्या, तरी त्यांतील समभाग बव्हंशी तेच असू शकतात.

पार्श्वभूमी

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) ६ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक काढून फंड योजनांचे प्रकार निश्चित केले आणि काही अपवाद वगळता प्रत्येक फंड कंपनीला एका प्रकारात एकच योजना ठेवण्यास सांगितले. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० क्रमांकाच्या मिड कॅप आणि त्यापुढील स्मॉल कॅप ठरल्या. त्यामुळे एकाच कंपनीतील सारख्या योजना कमी झाल्या. मात्र तीन कंपन्यांचे तीन लार्ज कॅप फंड घेणारा गुंतवणूकदार आजही मुख्यतः त्याच १०० कंपन्यांमधून निवडलेले समभाग तीनदा घेतो आणि तिन्ही ठिकाणी व्यवस्थापन खर्च भरतो.

समान हिश्शाचे मोजमाप

दोन्ही फंडांत असलेल्या प्रत्येक समभागाच्या दोन टक्केवारींपैकी लहान टक्केवारी घेऊन त्यांची बेरीज करतात. उदाहरणार्थ, एखाद्या बँकेचा समभाग एका फंडात १० टक्के व दुसऱ्यात ८ टक्के असेल, तर समान हिस्सा ८ टक्के धरला जातो. फंड कंपन्या दरमहा प्रसिद्ध करीत असलेल्या गुंतवणूक यादीवरून ही बेरीज करता येते. मात्र ती समभागांपुरतीच उपयुक्त आहे. दोन लिक्विड फंडांतील रोखे निराळे असले, तरी दोघांचे काम एकच असते. म्हणून प्रत्येक फंडापुढे ‘हा पैसा कशासाठी व केव्हा लागणार’ हे लिहिणे ही खरी कसोटी ठरते.

उदाहरण

भिवंडीतील एका यंत्रमागधारकाचा काल्पनिक संच पाहू. कापडाची येणी उशिरा मिळतात, पण मजुरी व वीजबिल थांबत नाही; त्यामुळे त्याला हाताशी रोकड लागते आणि निवृत्तीसाठी दीर्घ मुदतीची बचतही हवी असते. त्याच्याकडे पुढील नऊ फंड आहेत.

* तीन लार्ज कॅप समभागांचे फंड, प्रत्येकी १.५ लाख रुपये. त्यांपैकी एक निफ्टी ५० निर्देशांक फंड
* दोन फ्लेक्सी कॅप फंड, प्रत्येकी १ लाख रुपये
* एक बँकिंग क्षेत्राचा फंड, ५० हजार रुपये
* एक करबचत फंड (इएलएसएस), १ लाख रुपये
* दोन लिक्विड फंड, प्रत्येकी १ लाख रुपये

येथे कामे तीनच आहेत: मोठ्या कंपन्यांतील मूळ गुंतवणूक, वाढीसाठी मध्यम कंपन्या आणि तातडीची रोकड. पहिल्यासाठी कमी खर्चाचा निर्देशांक फंड पुरतो. बँकिंग फंडातील मोठ्या बँका त्यात आधीच असतात. दुसऱ्या कामासाठी खास फंडच नाही, म्हणून एक मिड कॅप फंड घ्यावा लागेल. तिसऱ्यासाठी एक लिक्विड फंड पुरेसा आहे.

अंमलबजावणी व कर

प्रथम नको असलेल्या फंडांतील एसआयपी थांबवून ती रक्कम ठेवायच्या फंडांकडे वळवली जाते. याला कर लागत नाही. विक्री टप्प्याटप्प्याने होते. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमांनुसार समभाग फंडातील एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या युनिटांवरील नफा, वर्षाला एकूण १.२५ लाख रुपयांपर्यंत करमुक्त असून त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर आहे; त्याआधी विकल्यास २० टक्के.

समजा, दोन लार्ज कॅप फंडांत प्रत्येकी ६० हजार, दोन फ्लेक्सी कॅप फंडांत प्रत्येकी ४० हजार आणि बँकिंग फंडात २० हजार रुपये दीर्घकालीन नफा आहे. सर्व एकदम विकल्यास २.२० लाखांच्या नफ्यापैकी ९५ हजारांवर, उपकर सोडून, ११,८७५ रुपये कर येतो. मार्चमध्ये फक्त लार्ज कॅप फंड विकल्यास १.२० लाखांचा नफा मर्यादेत राहतो. उरलेले १ एप्रिलनंतर विकल्यास त्यांचा सुमारे १ लाखाचा नफाही मर्यादेत बसतो. इतर समभागांचा नफा याच मर्यादेत मोजला जातो.

मर्यादा व सामान्य चुका

एका योजनेतून दुसरीत ‘स्विच’ करणे, अगदी त्याच कंपनीत केले तरी, कराच्या दृष्टीने विक्रीच असते. एसआयपीचा प्रत्येक हप्ता स्वतंत्र खरेदी मानला जातो व जुनी युनिटे आधी विकली जातात. त्यामुळे अलीकडच्या हप्त्यांवर निर्गमन शुल्क व जादा कर लागू शकतो. करबचत फंडातील प्रत्येक हप्ता तीन वर्षे अडकलेला असतो, म्हणून तो फंड मुदत संपेपर्यंत संचात राहतो. लिक्विड फंडाला समभागांची करसवलत नाही. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिटांवरील नफा गुंतवणूकदाराच्या उत्पन्नाच्या दरानेच करपात्र असतो.

फंड कमी करताना गेल्या वर्षी सर्वाधिक परतावा दिलेला फंड ठेवण्याचा मोह होतो. असा फंड ठरलेले काम करीत नसेल, तर संच पुन्हा जुन्याच वळणावर जातो. नवा फंड घेण्यापूर्वी तो आधीच्या कोणत्या फंडाची जागा घेणार, याचे उत्तर न मिळाल्यास तो सहसा जुन्याचीच पुनरावृत्ती असतो.