ध्वजस्तंभाची उंची : एक कोन, एक अंतर

ध्वजस्तंभावर न चढता त्याची उंची काढण्यासाठी दोनच मोजमापे लागतात. एक, निरीक्षक जिथे उभा आहे तिथून स्तंभापर्यंतचे अंतर आणि दुसरे, स्तंभाच्या टोकाकडे पाहताना नजर आडव्या रेषेपासून किती वर उचलावी लागते तो कोन. या कोनाला उन्नत कोन म्हणतात आणि तो मोजणाऱ्या साधनाला क्लिनोमीटर.

साधा क्लिनोमीटर कंपासपेटीतल्या अर्धवर्तुळाकार कोनमापकापासून बनतो. त्याच्या सरळ कडेवर एक नळी चिकटवतात आणि मध्यबिंदूतून नट बांधलेला दोरा सोडतात. नळीतून समोर आडवे पाहिले की दोरा ९० अंशांच्या रेषेवर येतो. नळी वर उचलली की कोनमापक फिरतो, दोरा मात्र ओळंब्यातच राहतो. दोरा ९० पासून जितके अंश सरकला तितका उन्नत कोन. म्हणजे ९० पेक्षा लहान वाचन आले तर ते ९० मधून वजा करायचे.

नळीला डोळा लावलेल्या माणसाला स्वतःच दोऱ्याचा आकडा वाचता येत नाही. मान वळवली की हात हलतो आणि कोन बिघडतो. म्हणून दुसऱ्याने बाजूने फोटो काढायचा आणि आकडा नंतर फोटो मोठा करून वाचायचा. फोन थोडा तिरका धरला तरी चालतो, कारण दोरा आणि अंशांच्या रेषा दोन्ही चित्रात एकत्रच तिरक्या होतात. पण कॅमेरा कोनमापकाच्या अगदी समोर नसून बाजूला असेल, तर वाचन चुकते. दोरा कोनमापकाला चिकटून नसतो. तो ३ मिलिमीटर पुढे लोंबत असेल आणि कॅमेरा १५ अंश बाजूला असेल, तर दोरा सुमारे ०.८ मिलिमीटर सरकलेला दिसतो. १० सेंटिमीटर रुंद कोनमापकावर एक अंश कडेला जेमतेम ०.९ मिलिमीटरचा असतो, म्हणजे चूक जवळजवळ एका अंशाची. कोनमापकाची जाडीची कड फोटोत दिसत असेल, तर फोटो बाजूने निघाला आहे असे समजावे. दोरा स्थिर झाल्यावर तीन फोटो काढून मधले वाचन घेतले, तर झोक्याची चूकही आटोक्यात येते.

आता एक उदाहरण पाहू. निरीक्षक सपाट मैदानात स्तंभापासून १५ मीटरवर उभा आहे. फोटोत दोरा ५२ अंशांवर आहे, म्हणून उन्नत कोन ९० − ५२ = ३८ अंश. डोळा जमिनीपासून १.४५ मीटर उंच आहे. डोळा, स्तंभाचे टोक आणि स्तंभावर डोळ्याच्या पातळीतला बिंदू यांचा काटकोन त्रिकोण होतो, म्हणून

उंची = अंतर × tan θ + डोळ्याची उंची

tan ३८° = ०.७८१, त्यामुळे १५ × ०.७८१ = ११.७२ मीटर. त्यात १.४५ मिळवले की १३.१७ मीटर. वजाबाकी विसरून ५२ अंशच घेतले, तर उत्तर २०.६५ मीटर येते. ही चूक ओळखणे सोपे आहे. कोन ४५ अंशांपेक्षा लहान असेल, तर डोळ्यावरची उंची अंतरापेक्षा कमीच यायला हवी.

अंतर मोजतानाही एक खोच आहे. स्तंभ बहुधा चौथऱ्यावर असतो आणि टेप चौथऱ्याच्या कडेशीच थांबते. चौथरा २ मीटर रुंद असेल, तर १ मीटर अंतर सुटते आणि वरच्या उदाहरणात उंची ७८ सेंटिमीटरने कमी भरते. म्हणून कडेपर्यंतच्या अंतरात चौथऱ्याची अर्धी रुंदी मिळवावी. निघालेली उंची निरीक्षकाच्या पायाखालच्या जमिनीपासूनची असते. फक्त स्तंभाची उंची हवी असेल, तर चौथऱ्याची उंची वजा करावी लागते.

कोन एका अंशाने चुकला, तर या उदाहरणात उंची सुमारे ४२ सेंटिमीटरने बदलते. अंतरात १० सेंटिमीटरची चूक झाली, तर फरक ८ सेंटिमीटरचाच. म्हणून खरी काळजी कोनाची घ्यावी. हाच स्तंभ ४.२७ मीटरवरून पाहिला, तर कोन ७० अंश होतो आणि एका अंशाची चूक ६१ ते ६७ सेंटिमीटरची होते. एवढ्याच कोनचुकीचा परिणाम ४५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी असतो, म्हणून स्तंभाच्या उंचीइतके मागे सरकून मोजणे सोयीचे.

पडताळा म्हणून १२ मीटरवरून पुन्हा मोजले आणि दोरा ४६ अंशांवर दिसला, तर कोन ४४ अंश आणि उंची १३.०४ मीटर. दोन उत्तरांत १३ सेंटिमीटरचा फरक आहे, एका अंशाच्या चुकीपेक्षा तो कमी. म्हणून स्तंभाची उंची ‘सुमारे १३ मीटर’ अशीच लिहावी. या साधनाकडून सेंटिमीटरपर्यंतचा आकडा मिळत नाही.