ज्या दशकात महाराष्ट्राची शहरं ‘घटली’

महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांमागे किती माणसं शहरात राहतात, याचा जनगणनेतला आलेख एखाद्या सरळ चढणीसारखा दिसतो. १९७१ मध्ये ३१.२ टक्के, १९८१ मध्ये ३५, १९९१ मध्ये ३८.७, २००१ मध्ये ४२.४ आणि २०११ मध्ये ४५.२. दर दहा वर्षांनी तीन-चार टक्क्यांची भर. मात्र या चढणीच्या पायथ्याशी एक खड्डा आहे. १९५१ मध्ये नागरी लोकसंख्येचं प्रमाण २८.८ टक्के होतं, ते १९६१ मध्ये २८.२ टक्क्यांवर आलं.

अर्ध्या टक्क्याची घसरण नजरेतून सहज निसटते. पण ती कोणत्या दशकातली आहे ते पाहा. ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची उल्हासनगरची वसाहत वाढत गेली, कोकणातून आणि घाटावरून गिरणगावाकडे माणसं येतच राहिली. बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाखांवरून साडेएकेचाळीस लाखांवर गेली. अशा दशकात महाराष्ट्र आधीपेक्षा ‘ग्रामीण’ कसा झाला?

बाकीचे आकडे जोडून पाहिले की कोडं आणखी अवघड होतं. १९५१ मध्ये राज्याच्या आजच्या हद्दीत ३ कोटी २० लाख लोक होते, त्यांपैकी ९२ लाख शहरांत. १९६१ मध्ये एकूण लोक ३ कोटी ९५ लाखांच्या वर गेले आणि शहरांतले १ कोटी ११ लाख ६३ हजार झाले. म्हणजे शहरांतली लोकसंख्या २१ टक्क्यांनी वाढली आणि खेड्यांतली साडेचोवीस टक्क्यांनी. आता दोन्ही वर्षांच्या नागरी आकड्यांतून मुंबई वजा करा. उरतात १९५१ चे ६२ लाख आणि १९६१ चे ७० लाख, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम १३ टक्के वाढ. पुणे, नागपूर, सोलापूर, ठाणे, नाशिक धरून उरलेल्या सगळ्या शहरांची वाढ खेड्यांच्या वाढीच्या निम्मी! नुसत्या जन्म-मृत्यूच्या हिशेबानेही शहरं याहून जास्त वाढायला हवीत. इतकी कमी वाढ व्हायची तर लाखो माणसं शहरं सोडून गावाकडे परतायला हवीत, आणि तसं काही घडलेलं नव्हतं. त्यामुळे शंका माणसांच्या हालचालीवर नाही, मोजणीच्या नियमावर घ्यायला हवी.

या शंकेला पुष्टी देणारा आकडा त्याच अहवालात सापडतो, तो शहरांच्या संख्येचा. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत पावणेचारशेच्या आसपास ठिकाणं शहर म्हणून मोजली गेली होती. १९६१ मध्ये ती २६६ राहिली. लोकसंख्या वाढते आहे आणि शहरांची संख्या शंभरावर घटते आहे, असं दिसलं की व्याख्या बदलली आहे हे ओळखावं.

१९५१ पर्यंतची व्याख्या बरीच मोकळीढाकळी होती. नगरपालिका, सिव्हिल लाइन्स आणि छावण्या ही शहरं होतीच. त्याखेरीज किमान पाच हजार वस्तीच्या, सलग घरं असलेल्या कोणत्याही ठिकाणाला शहर मानायचं की नाही, हे त्या त्या प्रांताच्या जनगणना अधीक्षकाने ठरवायचं होतं. लोकांच्या राहणीचं स्वरूप, घरांची दाटी, व्यापारातलं महत्त्व आणि ऐतिहासिक परंपरा या गोष्टी त्याने विचारात घ्यायच्या होत्या. जुन्या संस्थानी मुलखात यापेक्षा लहान ठिकाणंही शहरांच्या यादीत आली होती. राजधानीचं गाव, मग ते कितीही छोटं असो, त्याला खेडं म्हणणं जिवावर यायचं. त्यात १९५१ मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वातच नव्हतं. आजचे जिल्हे मुंबई राज्य, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या तिघांत वाटलेले होते. २८.८ हा आकडा म्हणजे तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांच्या तारतम्याची बेरीज आहे, तीही नंतर नव्या हद्दींनुसार जुळवलेली.

१९६१ च्या जनगणनेचे प्रमुख अशोक मित्र होते. त्या वेळी हे तारतम्य काढून घेण्यात आलं आणि देशभर एकच कसोटी लावली गेली. महापालिका, नगरपालिका, छावणी यांसारखी कायद्याने ठरलेली ठिकाणं शहरं राहिली. बाकीच्यांना तीन अटी एकाच वेळी पूर्ण करायच्या होत्या. वस्ती किमान पाच हजार, कामकरी पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांश बिगरशेती व्यवसायात, आणि घनता दर चौरस मैलाला किमान एक हजार. पुढे चौरस किलोमीटरचं माप आलं तेव्हा ही घनता चारशेवर स्थिरावली. पहिल्या दोन अटी थोड्याफार तपशिलाच्या फरकाने आजही त्याच आहेत.

या अटी प्रत्यक्षात काय करतात ते पाहण्यासाठी देशावरचं एखादं बाजाराचं गाव घेऊ. गाव कल्पित आहे आणि आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अशी गावं वाचकांनी पुष्कळ पाहिली असतील. वस्ती ६,२००. आठवड्याचा बाजार, गुळाची पेठ, हायस्कूल, दवाखाना, पोस्ट, एसटीचा थांबा, सराफांची चार दुकानं. गावात नगरपालिका नाही, कारभार ग्रामपंचायतीचा. १९५१ च्या अधीक्षकाने पेठेकडे आणि पाच हजारांच्या आकड्याकडे बघून त्याला शहर लिहून टाकलं. १९६१ मध्ये मात्र हिशेब मांडावा लागतो. कामकरी पुरुष १,८००, त्यांपैकी ८०० शेतकरी किंवा शेतमजूर. उरलेले एक हजार व्यापारी, कारागीर, नोकरदार. म्हणजे बिगरशेतीचं प्रमाण ५५ टक्के. हवे होते ७५, म्हणजे १,३५० पुरुष. इथेच गाव नापास झालं.

घनतेच्या अटीतही ते टिकत नाही, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. गावठाणात फिरलं तर भिंतीला भिंत लागून घरं आहेत, बोळातून बैलगाडी जेमतेम जाते. पण घनता काढताना भागायचं असतं ते संपूर्ण महसुली गावाच्या क्षेत्राने, शिवार धरून. शिवार ३० चौरस किलोमीटर, म्हणजे साडेअकरा चौरस मैलांच्या आसपास. सहा हजार दोनशेला त्याने भागलं की दर चौरस मैलाला साडेपाचशेही माणसं भरत नाहीत. दख्खनच्या पठारावर शिवारं मोठी, म्हणून दाटीवाटीची पेठही कागदावर विरळ होते. आणि यात फक्त पुरुष कामगारच का मोजायचे, हा प्रश्न आजपर्यंत नीटसा सुटलेला नाही.

अशा रीतीने ६,२०० माणसं एका रात्रीत नागरी रकान्यातून ग्रामीण रकान्यात गेली. कोणी घर सोडलं नाही, कोणी दुकान बंद केलं नाही. देशभरात आठशेच्या आसपास शहरं अशी यादीतून उतरली आणि त्यांतली १९५१ ची वस्ती ४४ लाखांच्या घरात होती. पाच हजारांहून कमी वस्तीची शहरं, जनगणनेच्या भाषेत सहावा वर्ग, साडेपाचशेच्या वर होती ती दोनशेच्या आत आली. एक लाखावरच्या शहरांना या बदलाची झळ लागण्याचा प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्रापुरता याचा परिणाम किती, हे बोटांवर काढता येतं. १९५१ ला लोकसंख्या ३ कोटी २० लाख, म्हणजे एक टक्का बरोबर ३ लाख २० हजार माणसं. शहरांची संख्या सव्वाशेच्या खाली पण शंभराच्या वर घटली, ११५ धरू. प्रत्येकाची वस्ती सरासरी साडेपाच हजार धरली तर ६ लाख ३० हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे साधारण दोन टक्के. ही वस्ती १९५१ च्या नागरी आकड्यातून काढून टाकली, तर २८.८ ऐवजी पावणेसत्तावीसच्या आसपास प्रमाण मिळतं. तिथून १९६१ चं २८.२ म्हणजे दीड टक्क्याची चढ. शहरांची वाढही २१ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या घरात जाते आणि खेड्यांची साडेचोवीसवरून २१ वर उतरते. चित्र सरळ उलटं होतं. हिशेब ढोबळ आहे. काही ठिकाणं यादीत नव्याने आलीही होती, त्यामुळे प्रत्यक्षात वगळलेल्यांची संख्या नक्त घटीपेक्षा जास्त असणार. पण खड्डा नियमाने पाडला, लोकांनी नाही, एवढं दाखवायला तो पुरेसा आहे.

अभ्यासक अशा वेळी आणखी एक सोपी युक्ती वापरतात. व्याख्येच्या बदलाचा सगळा खेळ दहा हजारांच्या आतल्या ठिकाणांवर चालतो. वीस हजारांवरचं गाव कोणत्याही व्याख्येने बहुधा शहरच ठरतं. म्हणून फक्त वीस हजारांवरच्या शहरांतल्या लोकसंख्येचं प्रमाण काढून दोन जनगणनांची तुलना करायची. आकडा लहान निघतो, पण त्याचा कल विश्वासाचा असतो.

१९६१ नंतरही नियमाने लहानमोठे हिसके दिलेच. १९८१ मध्ये मासेमारी, पशुपालन, वनकाम, मळे-बागा यांतले कामगार बिगरशेतीच्या बाजूने मोजणं बंद झालं. कोकण किनाऱ्यावरचा कोळी १९७१ मध्ये गावाला शहर व्हायला मदत करत होता. दहा वर्षांनी तोच माणूस, तीच होडी, पण वजन दुसऱ्या पारड्यात.

नियम न बदलताही आलेख उसळू शकतो, हे केरळने दाखवलं. २००१ मध्ये तिथे २६ टक्के लोक नागरी होते, २०११ मध्ये ४७.७. महाराष्ट्रालाही मागे टाकलं! तिथली मोठी, दाट, रस्त्याकडेने सलग पसरलेली गावं शेतीतून बाहेर पडत गेली आणि ७५ टक्क्यांची रेघ ओलांडताच जनगणनेच्या दृष्टीने शहरं झाली. नगरपालिका नसलेली ही ‘जनगणना शहरं’ केरळात ९९ होती ती ४६१ झाली. लोक तिथेच होते, व्यवसाय बदलत होता. हा बदल खरा आहे, पण तो दहा वर्षांत एकदम झालेला नाही.

महाराष्ट्रात पुढचा हिसका निराळ्या दिशेने येणार आहे. २०१४ च्या सुमारास राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय घेतला आणि तो टप्प्याटप्प्याने अमलात आणला. नगरपंचायत झाली की ते गाव कायद्याने शहर. मग जनगणना ना कामगार तपासते, ना घनता. २०२७ च्या जनगणनेत ही सगळी ठिकाणं, ज्यांतली काही अजूनही निम्मीअधिक शेतीवर जगतात, थेट नागरी रकान्यात पडतील. तेव्हा राज्याचा टक्का पन्नाशीजवळ गेल्याच्या बातम्या आल्या, तर आधी दोन याद्या मागवाव्यात. २०११ मध्ये गाव असलेल्या किती ठिकाणांना नगरपंचायत मिळाली, आणि त्यांची २०११ ची वस्ती किती होती. ती वस्ती २०११ च्या नागरी आकड्यात मिळवून ४५.२ चा टक्का नव्याने काढायचा, आणि तुलना त्या आकड्याशी करायची.