भाव वाढवण्याआधी जुनी बिले वाचा

चिवडा बनवणाऱ्या एका लहान उद्योजकाचे उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी. 200 ग्रॅमच्या पाकिटाचा भाव त्याने दिवाळीच्या तोंडावर 50 रुपयांवरून 55 केला. त्याआधीच्या चार आठवड्यांत 4000 पाकिटे गेली होती, भाव वाढवल्यानंतरच्या चार आठवड्यांत 5200 गेली. आता पुन्हा पाच रुपये वाढवावेत असे त्याच्या मनात आहे. ‘भाव वाढला म्हणून आपले गिऱ्हाईक तुटत नाही,’ असे तो ठामपणे सांगतो.

भाव एक टक्का बदलला तर खप किती टक्के बदलतो, या प्रमाणाला मागणीची लवचिकता म्हणतात. इथे भाव 10 टक्के वाढला आणि खप 30 टक्के वाढला, म्हणजे लवचिकता अधिक 3 आली. याचा अर्थ असा की चिवडा महाग केला तर लोक तो जास्त खातात! नेमक्या याच सापळ्यात हेन्री मूर हा नामवंत अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सापडला होता. बिडाच्या लोखंडाचा भाव वाढला की मागणीही वाढते, असा निष्कर्ष त्याने 1914 साली मांडला. प्रत्यक्षात उद्योगांत तेजी आली की लोखंडाची गरज वाढे आणि त्यामुळे भाव चढत. मागणी भावाला ओढत होती, भाव मागणीला नव्हे.

आपल्या चिवड्याच्या बाबतीत ही तेजी दिवाळीची होती. ती वजा कशी करायची? भाव बदलला नव्हता त्या आदल्या वर्षाची बिले काढायची. मात्र महिन्याशी महिना लावून चालत नाही, कारण लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होते आणि 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. म्हणून आठवडे दिवाळीपासून मागे मोजायचे. समजा, आदल्या वर्षी त्याच दोन टप्प्यांत 3600 आणि 5400 पाकिटे खपली होती. म्हणजे भाव तोच असताना दिवाळीने खप दीडपट केला. त्या हिशेबाने यंदा 4000 ची 6000 व्हायला हवी होती, झाली 5200. भाव 10 टक्के वाढल्यामुळे खप सुमारे 13 टक्के घटला. लवचिकता उणे 1.3 निघाली. गिऱ्हाईक तुटले होते, पण सणाच्या गर्दीत ते दिसले नाही.

हा आकडाही तपासून घ्यावा लागतो. भाव वाढणार अशी कुणकुण लागली की घाऊक व्यापारी आधीच माल भरून ठेवतात. मग आधीचा खप फुगतो, नंतरचा पडतो आणि लवचिकता आहे त्यापेक्षा मोठी दिसते. बिलांत भाववाढीच्या लगेच आधी उसळी आणि लगेच नंतर खड्डा दिसला, तर ते आठवडे वगळून हिशेब करावा. माल संपलेले दिवसही वगळावेत, कारण त्या दिवशी किती गिऱ्हाइके परत गेली हे बिलात उमटत नाही. आणि तेल महागल्याने सगळ्याच कंपन्यांनी भाव वाढवले असतील, तर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. उद्या एकट्याने भाव वाढवला तर फटका जास्त बसेल.

आता नफ्याकडे पाहू. पाकिटामागे खर्च 38 रुपये धरू. 50 रुपये भावाने 6000 पाकिटांवर 72,000 रुपये सुटले असते. 55 रुपये भावाने 5200 पाकिटांवर 88,400 सुटले. एकूण विक्री तीन लाखांवरून 2,86,000 वर आली, तरी नफा वाढला, कारण पाकिटामागचे 12 रुपये 17 झाले. खप 29 टक्क्यांहून जास्त घटला असता तरच ही वाढ तोट्याची ठरली असती. आपला अंदाज 13 टक्क्यांचा आहे. तो थोडा चुकला तरी निर्णय बदलत नाही, आणि अंदाजाकडून एवढीच अपेक्षा असते.

पण हा अंदाज 50 ते 55 रुपयांपुरताच आहे. 60 रुपयांच्या भावाला गिऱ्हाईक कसे वागेल, हे या बिलांत लिहिलेले नाही. वर्षानुवर्षे भाव हललाच नसेल, तर बिले काहीच सांगू शकत नाहीत. अशा वेळी सणासुदीचा काळ टाळून, मोजक्या दुकानांत काही आठवडे नवा भाव लावावा आणि त्याच आठवड्यांतला बाकीच्या दुकानांतला खप शेजारी मांडावा. सगळीकडे नव्या भावाची पाकिटे छापून घेण्यापूर्वी एवढे कराच.