धुकें, विरळ धुकें आणि धुरकें

थंडीच्या दिवसांत सकाळीं शिवारावर पांढुरका पडदा दिसला, कीं आपण सरसकट "धुकें पडलें" असें म्हणतों; आणि द्राक्षबागाईतदार केवड्याच्या भीतीनें लागलीच फवारणीच्या तयारीस लागतो. परंतु ह्या एका नांवाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. त्यांपैकीं दोन पाण्याच्या आहेत व तिसरी धुराची अगर धुळीची आहे. हा भेद न पाहतां केलेल्या फवारणींत औषध व मजुरी व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

पहिला भेद दृष्टीच्या पल्ल्यानें करावयाचा. १,००० मीटरांपलीकडील वस्तु दिसेनाशी झाली व हवेंत पाण्याचे सूक्ष्म थेंब तरंगत असले, तर तें धुकें. पल्ला २०० मीटरांच्या आंत आल्यास तें दाट, आणि ५० मीटरांच्या आंत आल्यास अति दाट समजतात. थेंब तसेच, परंतु पल्ला १,००० मीटरांपासून सुमारें ५,००० मीटरांपर्यंत असेल, तर तें विरळ धुकें. ह्याच पल्ल्यांत पाण्याच्या थेंबांऐवजीं धुराचे किंवा धुळीचे कोरडे कण असतील, तर त्यास धुरकें म्हणावें.

पल्ला मोजण्यास यंत्र नको. गांवच्या नकाशावरून आपल्या बांधापासून चार ठळक खुणांचीं अंतरें एकदां काढून ठेवावीं. असें समजा, कीं विहिरीजवळील वड ४०० मीटरांवर, देवळाचें शिखर ९०० मीटरांवर व डोंगराची सोंड ३,००० मीटरांवर आहे. सकाळीं सात वाजतां वड दिसतो, शिखर दिसत नाहीं. अर्थात् तें धुकें आहे. नऊ वाजतां शिखर दिसूं लागतें, पण डोंगर दिसत नाहीं. आतां पडदा पाण्याचा कीं धुराचा, हें नुसत्या पल्ल्यावरून ठरत नाहीं. त्यास हवेंतील ओल पाहावी लागते.

त्यासाठीं सारखे दोन तापमापक सावलींत टांगावे. एकाच्या गोळ्यास ओलें मलमल गुंडाळावें व पंख्यानें कांहीं मिनिटें वारा घालून दोन्हींचे आंकडे पाहावे. हवा जितकी कोरडी, तितकें मलमलींतील पाणी अधिक उडतें व तो गोळा अधिक थंड होतो. कोरडा १४ अंश व ओला साडेतेरा अंश असेल, तर आर्द्रता सुमारें ९५ टक्के, म्हणजे तें विरळ धुकें. कोरडा १८ व ओला १४ असेल, तर आर्द्रता सुमारें ६५ टक्के, म्हणजे तें धुरकें. सामान्यतः ८० टक्क्यांची सीमा धरतात. आपल्याकडील थंडीच्या सकाळीं ती दोन अंशांच्या अंतरास येते.

रंगही साक्ष देतो. धुकें पांढरें असतें. धुरकें उजेडाकडे पाहतां पिंवळट-तपकिरी, तर काळ्या डोंगरापुढें निळसर दिसतें, आणि त्यांतून सूर्य तांबूस भासतो. रात्रीं जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहिल्यानें पाचट जाळल्याचा व वीटभट्ट्यांचा धूर वर न जातां तेथेंच कोंडतो. मात्र धुकें पांढरें म्हणून हवा स्वच्छ असें समजूं नये. धुराचे कण ओल शोषून फुगतात व थेंबांचीं बीजें होतात. म्हणून पहांटेचें धुरकें धुकें बनतें व ऊन चढल्यावर पुन्हा धुरकें उरतें. लंडन शहरीं १९५२ च्या डिसेंबरांत कोळशाचा धूर व धुकें पांच दिवस कोंडून हजारों माणसें दगावलीं.

आतां बागेचा विचार. केवड्याच्या बुरशीस पानावर पाण्याचा पापुद्रा कांहीं तास टिकावा लागतो. तो धुक्यानें मिळतो, कोरड्या धुरक्यानें मिळत नाहीं. भुरीस मात्र अशा पाण्याची गरज नसते, म्हणून धुरकें पाहून तिच्याविषयीं निर्धास्त राहूं नये. शिवाय निरभ्र रात्रीं धुक्यावांचूनही दंव पडतें. यास्तव शेवटीं पानाची वरची व खालची बाजू हातानें पाहिल्याविना निर्णय करूं नये. पानें ओलीं असतांना मोरचूद-चुन्याचें मिश्रण मारणेंही इष्ट नव्हे. तें सावकाश वाळल्यास कोंवळ्या पानांस चट्टे पडतात. आणि तें रोग रुजण्यापूर्वींचें कवच आहे, रुजल्यानंतरचा उपाय नव्हे. म्हणून धुक्याची चिन्हें दिसतांच आदल्या दिवशीं, पानें कोरडीं असतांना तें मारावें; आणि सकाळीं खुणा, तापमापक व पान ह्या तिन्ही साक्षी घेऊन पुढील फवारणी ठरवावी.