नुसताच 'नमस्कार' आला, तर उत्तर काय द्यावे?

शाळेच्या मोबाईलवर 'नमस्कार सर' यापलीकडे एक अक्षरही नसलेले संदेश येतात. आपणही 'नमस्कार' लिहितो आणि गाडी तिथेच अडते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली टेलिफोनवरील संभाषणाच्या सुरुवातीविषयी एक लेख प्रसिद्ध केला. फोनची घंटी ही हाक, उचलणाऱ्याचा 'हॅलो' हे तिला उत्तर, आणि त्यानंतर हाक मारणाऱ्याने काम सांगायचे, असा क्रम त्यांनी दाखवला. संदेशातला 'नमस्कार' ही अशीच घंटी असते. फोनवर उत्तर क्षणात मिळते; संदेशात ते येईपर्यंत समोरच्याने फोन पिशवीत ठेवलेला असतो.

गेल्या सत्रात एका आईचा नमस्कार सकाळी सव्वादहाला आला. कार्यालयाने बारा वाजता 'नमस्कार' लिहिले. त्यांनी ते संध्याकाळी कामावरून परतल्यावर वाचले, तेव्हा कार्यालय बंद होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी लिहिले: "नमस्कार ताई, मी प्राचार्य. फीविषयी, दाखल्याविषयी, अभ्यासाविषयी की आणखी काही काम आहे? मराठी-हिंदी कशातही लिहा, बोलून पाठवले तरी चालेल. हा संदेश मीच वाचतो आहे. दोन वाजेपर्यंत उत्तर देईन."

लगेच त्यांचा आवाजातला निरोप आला. फीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत हवी होती. हा नंबर कोण-कोण वाचते हे ठाऊक नसल्याने पैशाची गोष्ट लिहायला संकोच वाटला, असे त्या म्हणाल्या. कुणी नंबर बरोबर आहे का एवढेच पाहत असते, कुणाला एकदम काम सांगणे उद्धटपणाचे वाटते, कुणाला टंकलेखन जमत नाही. (माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घापाशी माझेही बोट थबकते.)

त्या उत्तरात कामांची नावे आयती दिल्यामुळे संकोची माणसाला एका शब्दात उत्तर देता येते. मात्र नुसते 'फीविषयी का?' विचारू नये, तो तगादा वाटतो. नुसते 'काय काम आहे?' हेही कागदावर दरडावल्यासारखे दिसते. आणि 'मीच वाचतो' हे खरे असेल तरच लिहावे. विद्यार्थ्याचा नमस्कार रात्री उशिरा आला किंवा पाठवून पुसलेला दिसला, तर मी दुसऱ्या दिवशी त्याला वर्गाबाहेर, एकट्याला गाठून विचारतो.

अनोळखी नंबरचे प्रकरण वेगळे. नुसत्या 'हाय'ने ओळख वाढवून पैसे उकळणारेही असतात. तिथे "हा शाळेचा नंबर आहे, आपण कोण व कोणत्या कामासाठी लिहिले?" एवढेच विचारावे. मुलाचे नाव, वर्ग किंवा ओटीपी आपल्याकडून जाऊ देऊ नये. पालक असतील तर ते स्वतःच पाल्याचे नाव सांगतात. तरीही खात्री करण्यासाठी आम्ही प्रवेश-नोंदवहीत लिहिलेल्या नंबरवरच फोन लावतो.