दाराखालची फट

सालेकशासारख्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रात ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांशी बोलताना रुग्णाचं दुखणं बाहेरच्या बाकावर का ऐकू जातं? भिंत जाड असली तरी आवाज पाण्यासारखा फटीतून वाट काढतो. दाराखालची बोटभर फट त्याला पुरते. पडदा किंवा फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज फारसा अडवत नाही. म्हणून खर्च आधी भरीव दारावर आणि त्याच्या कडांच्या रबरी पट्टीवर करावा. डॉक्टरांचं बोलणं हेडफोनमध्ये गेलं की निम्मा संवाद बाहेर पडतच नाही; आरोग्यसेविकेलाही ऐकायचं असेल, तर दुसरा हेडफोन जोडावा. दार लावल्यावर उकडेल, हा आक्षेप रास्त आहे. मग खिडकी बाकांच्या विरुद्ध बाजूला उघडावी. तपासणी सोपी आहे: आत कुणीतरी नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचावं, दुसऱ्यानं बाकावर बसावं. पुटपुट ऐकू आली तर चालेल, शब्द कळता कामा नयेत.